तरंगणाऱ्या वस्तूच्या उत्तराचा पडताळा: वजन एकीकडे, प्लावक बल दुसरीकडे

प्रश्न: सर, मी अकरावीत आहे. १० सेमी बाजूचा लाकडी घन, घनता ०.९ ग्रॅम प्रति घनसेमी, पाण्यात तरंगतोय. वरून ०.८ घनतेचं रॉकेल ओतलं, इतकं की घन त्यात पूर्ण झाकला गेला. आता घनाचा किती भाग पाण्यात असेल? मला ९ सेमी आलं, मैत्रिणीला ५, आणि वर्गातला एक जण म्हणतो की रॉकेल वरून दाबणार, म्हणून ९ पेक्षा जास्त. सगळे सांगतात, "वजन आणि प्लावक बल ताडून बघ." पण ते नेमकं कसं करायचं? आपण काढलेलं उत्तर आपल्याच समीकरणात टाकलं तर ते जुळणारच ना?

उत्तर:

तुझी शेवटची शंका अगदी योग्य आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. "वजन = प्लावक बल" असं लिहून त्यातून खोली काढायची आणि मग तीच खोली त्याच ओळीत परत टाकायची, यातून फक्त बेरीज-भागाकार बरोबर होता एवढंच कळतं. समीकरण मांडतानाच एखादी गोष्ट सुटली असेल, तर ती पडताळ्यातही सुटते आणि दोन्ही बाजू खुशाल जुळतात. तुझं ९ सेमी हे उत्तर तसंच जुळलं असणार: ९ सेमी पाण्यात, म्हणजे ९०० घनसेमी पाणी बाजूला सारलं, म्हणजे ९०० ग्रॅम, आणि घनाचं वजनही ९०० ग्रॅम. हिशेब जुळला, पण रॉकेल त्यात कुठेच आलं नाही.

खरा पडताळा घ्यायचा तर दोन्ही बाजू एकमेकींकडे न बघता काढाव्या लागतात. वजन काढताना द्रवाचा विचारच करायचा नाही. घनाचं आकारमान १००० घनसेमी, घनता ०.९, म्हणून वजन ९०० ग्रॅम-भार. हा आकडा कागदाच्या एका कोपऱ्यात लिहून ठेव. उत्तर ५ असो, ९ असो की आणखी काही, तो बदलणार नाही. दुसरी बाजू काढताना वजन विसरायचं. फक्त आकृती बघायची: घनाचा कोणता भाग कशात आहे? पाण्यातल्या भागाने किती पाणी सारलं, रॉकेलमधल्या भागाने किती रॉकेल सारलं, आणि हवेत काही उरलं का? त्या प्रत्येक भागाच्या आकारमानाला त्या त्या द्रवाच्या घनतेने गुणायचं आणि बेरीज करायची. मग दोन आकडे शेजारी ठेवायचे.

एक नियम इथेच लागतो. घनाच्या दहाही सेंटिमीटरचा हिशेब लागला पाहिजे. "९ सेमी पाण्यात" म्हटलं की उरलेला १ सेमी कुठे आहे, हे स्वतःला विचारावंच लागतं. रॉकेल घनाच्या माथ्यावरून गेलंय असं प्रश्नातच दिलंय, म्हणजे तो १ सेमी रॉकेलमध्ये आहे.

आता तुझं उत्तर तपासू. पाण्यातले ९ सेमी: ९०० घनसेमी, म्हणजे ९०० ग्रॅम-भार वर. रॉकेलमधला १ सेमी: १०० घनसेमी गुणिले ०.८, म्हणजे आणखी ८० ग्रॅम-भार वर. एकूण ९८०. वजन मात्र ९००. म्हणजे ८० ग्रॅम-भाराचं बल वरच्या दिशेने शिल्लक राहतं.

बहुतेक मुलं इथे "जुळलं नाही, चुकलं" म्हणून पान उलटतात. मला वाटतं, पडताळ्याचा खरा उपयोग इथून पुढे आहे. त्या ८० मध्ये दोन गोष्टी लिहिलेल्या आहेत. पहिली दिशा: प्लावक बल जास्त आहे, म्हणजे या स्थितीत सोडलेला घन वर सरकेल, आणि पाण्यातला भाग ९ पेक्षा कमी होईल. तुझ्या वर्गमित्राचं "९ पेक्षा जास्त" हे उत्तर इथेच बाद होतं, कारण ९ ला आधीच बल जास्त आहे आणि आणखी खाली ढकललं तर ते वाढणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे किती सरकेल. घन १ सेमी वर सरकला की १०० घनसेमी भाग पाण्यातून निघून रॉकेलमध्ये जातो. पाण्याचे १०० ग्रॅम-भार गेले, रॉकेलचे ८० आले. म्हणजे दर सेंटिमीटरला प्लावक बल फक्त २० ने कमी होतं. आपल्याला ८० कमी करायचे आहेत, म्हणून घनाला ४ सेमी वर यावं लागेल. ९ वजा ४, म्हणजे ५. मैत्रिणीचं उत्तर तुझ्या चुकीच्या उत्तराच्या पडताळ्यातूनच बाहेर आलं, नवं समीकरण न मांडता. आता ५ ची खात्री कर: पाण्याचे ५००, रॉकेलच्या ५ सेमीचे ४००, बेरीज ९००.

तो "दर सेंटिमीटरला २०" हा आकडा लक्षात ठेव, कारण पुढचा सगळा मुद्दा त्याच्यावर उभा आहे. समजा कुणाला उत्तर ६ सेमी आलं. पडताळा घेतला: पाण्याचे ६००, रॉकेलच्या ४ सेमीचे ३२०, एकूण ९२०. वजन ९००. फरक जेमतेम दोन टक्क्यांचा. विद्यार्थी म्हणतो, "जवळपास जुळलं, आकडे पूर्णांकात घेतल्यामुळे फरक आला असेल." पण खोलीतली चूक तब्बल एका सेंटिमीटरची आहे, ५ च्या जागी ६, म्हणजे वीस टक्के. तोच घन नुसत्या पाण्यात तरंगत असता आणि खोलीत १ सेमीची चूक झाली असती, तर प्लावक बल १०० ने हललं असतं आणि चूक लगेच डोळ्यांत भरली असती. दोन द्रवांच्या सीमेवर मात्र मोठी चूकसुद्धा बलात लहान दिसते, कारण खोली बदलताना फक्त घनतांचा फरक कामाला येतो, आणि तो इथे ०.२ एवढाच आहे.

म्हणून "किती जुळलं म्हणजे जुळलं म्हणायचं" याला एकच ठरावीक टक्केवारी नाही. बलातला फरक घ्यायचा, त्याला दर सेंटिमीटरच्या बदलाने भागायचं, आणि येणारे सेंटिमीटर आपल्याला चालतील का ते बघायचं. फरक २ ग्रॅम-भाराचा असेल तर २ भागिले २०, म्हणजे ०.१ सेमी. तुमच्या गणितात तेवढं चालतं. २० चा असेल तर चालत नाही.

याच कारणामुळे हा प्रयोग खऱ्या रॉकेलवर केला तर उत्तर पुस्तकाशी सहज जुळत नाही. रॉकेलची घनता ठरलेली नसते, ती साधारण ०.८ च्या आसपास थोडी इकडे-तिकडे असते. समजा हाताशी असलेलं रॉकेल ०.८२ चं निघालं. मग पाण्यातला भाग क्ष धरला तर क्ष अधिक ०.८२ गुणिले (१० वजा क्ष) बरोबर ९, म्हणजे ०.१८ क्ष = ०.८, आणि क्ष सुमारे ४.४ सेमी. घनता फक्त ०.०२ ने बदलली आणि खोली अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त हलली. प्रयोगशाळेत असं झालं की मुलं मोजपट्टीला दोष देतात. आधी हायड्रोमीटरने रॉकेलची घनता मोजावी, मग मोजपट्टीकडे वळावं.

आता "रॉकेल वरून दाबणार" या म्हणण्याकडे येऊ, कारण ते बाद झालं तरी मनातून जात नाही, आणि ते पूर्ण खोटंही नाही. रॉकेल घनाच्या वरच्या पृष्ठावर खरंच खाली दाब देतं. मग आपल्या हिशेबात तो दाब कुठे गेला? हे बघायला पडताळा दुसऱ्या वाटेने घ्यावा लागतो, आणि ही वाट आर्किमिडीजचं तत्त्व न वापरता जाते, म्हणून ती खरोखर स्वतंत्र आहे. तुझ्या पहिल्या शंकेचं सगळ्यात चांगलं उत्तर मला हेच वाटतं.

घनाच्या माथ्यावर रॉकेलचा आणखी ३ सेमी थर आहे असं धर. माथ्यावरचा दाब, हवेचा सोडून, ३ गुणिले ०.८ म्हणजे २.४ ग्रॅम-भार प्रति चौरस सेमी, खालच्या दिशेने. आता तळ बघ. तळ गाठायला रॉकेलच्या पृष्ठभागापासून ८ सेमी रॉकेल आणि ५ सेमी पाणी उतरावं लागतं. तिथला दाब ६.४ अधिक ५, म्हणजे ११.४, वरच्या दिशेने. दोन्हींतला फरक ९. पृष्ठाचं क्षेत्रफळ १०० चौरस सेमी, म्हणून वर लागणारं निव्वळ बल ९००. वजनाइतकंच. बाजूच्या चार पृष्ठांवरचे दाब समोरासमोर कटतात.

आता माथ्यावरचा थर ३ ऐवजी ३० सेमी कर. माथ्यावरचा दाब २४ होतो, तळावरचा ३३, फरक पुन्हा ९. वरचं रॉकेल जितकं माथ्याला दाबतं, नेमका तितकाच जास्तीचा दाब ते खालच्या पाण्यातून तळापर्यंत पोचवतं. म्हणून वरच्या थराची जाडी हिशेबातून निघून जाते. उरतो तो फक्त घनाच्या उंचीइतक्या द्रवाचा परिणाम, ५ सेमी रॉकेल आणि ५ सेमी पाणी. आर्किमिडीजच्या तत्त्वातून आलेला आकडा तोच होता. तुझ्या वर्गमित्राने माथा मोजला, तळ मोजायचा राहिला.

आता प्रश्न थोडा बदलू, कारण परीक्षेत खरी फसगत इथे होते. रॉकेलचा थर फक्त ३ सेमी जाडीचा आहे, भांडं रुंद आहे, आणि घन तोच. अनेक जण पाठ झालेलं सूत्र लावतात आणि परत ५ सेमी उत्तर देतात. पडताळा काय म्हणतो? ५ सेमी पाण्यात. वर रॉकेल आहेच फक्त ३ सेमी, म्हणून त्यात ३ सेमी, आणि २ सेमी हवेत. बल: ५०० अधिक ३०० गुणिले ०.८ म्हणजे २४०, एकूण ७४०. वजन ९००. आता १६० कमी पडतात, म्हणजे घन खाली जाणार.

किती खाली? इथे "दर सेंटिमीटरला २०" चालणार नाही, हे नीट बघ. घन १ सेमी खाली गेला तर पाण्यातला भाग १ सेमीने वाढतो, रॉकेलमधला भाग ३ सेमीच राहतो, आणि हवेतला १ ने कमी होतो. म्हणजे बल पूर्ण १०० ने वाढतं. १६० भागिले १००, म्हणजे १.६ सेमी. उत्तर ६.६ सेमी. ताडून बघ: ६६० अधिक २४०, बरोबर ९००. शिवाय ६.६ आणि ३ मिळून ९.६ होतात, म्हणजे ०.४ सेमी हवेत, जे शक्य आहे. हे "शक्य आहे का" बघणं विसरायचं नाही. बेरीज १० च्या वर गेली असती तर बलं जुळूनही उत्तर खोटं ठरलं असतं, कारण घन १० सेमीचाच आहे.

दोन्ही प्रकरणांची सीमा कुठे आहे तेही यातून कळतं. रॉकेल ५ सेमी किंवा जास्त असेल तर उत्तर ५. त्याहून कमी असेल तर ९ मधून थराच्या जाडीची ०.८ पट वजा करायची. ५ सेमीला दोन्ही हिशेब एकच उत्तर देतात, ९ वजा ४ म्हणजे ५. उत्तर अशा ठिकाणी उडी मारत असेल तर दोन्हींपैकी एका मांडणीत चूक आहे असं समजावं.

फरक वाचायची सवय लागली की आकड्याकडे बघूनच चूक ओळखता येते. वजन ९०० आणि बल ५०० आलं, तर फरक ४०० आहे, आणि ४०० हा नेमका रॉकेलचा वाटा आहे. म्हणजे एक थर मोजायचा राहिला. दोन बाजूंमध्ये ९.८ पटींचा फरक असेल तर एकीकडे g ने गुणलंय आणि दुसरीकडे नाही. बरोबर दहाच्या पटीत, १००, १००० असा फरक असेल तर एककं चुकली. न्यूटनमध्ये हिशेब करताना हे फार होतं: ५ सेमी गुणिले १०० चौरस सेमी म्हणजे ०.०००५ घनमीटर, आणि मुलं एखादं शून्य गाळतात. बरोबर केलं तर पाण्याचं बल ०.०००५ × १००० × ९.८ = ४.९ न्यूटन, रॉकेलचं ०.०००५ × ८०० × ९.८ = ३.९२ न्यूटन, बेरीज ८.८२. वजन ०.९ × ९.८, तेही ८.८२. माझा सल्ला असा, की अशा गणितात पडताळा ग्रॅम-भारात घ्यावा आणि उत्तर लिहिताना न्यूटनमध्ये जावं. शून्यं कमी, चुकाही कमी.

"सारलेला द्रव" याबद्दल एक गैरसमजही दूर करतो, कारण त्यामुळे बरोबर उत्तरावरचा विश्वास उडतो. भांड्यातून सांडलेलं किंवा भांड्यात उरलेलं पाणी म्हणजे सारलेलं पाणी नव्हे. घनाने आत्ताच्या पातळीखाली जेवढी जागा व्यापलीय, तेवढ्या जागेत मावेल इतकं पाणी म्हणजे सारलेलं पाणी. रॉकेल नसताना हाच घन १२ सेमी बाजूच्या चौकोनी भांड्यात फक्त अर्धा लिटर पाण्यातही तरंगू शकतो, जरी त्याने सारलेलं पाणी ९०० घनसेमी धरावं लागतं. घन तळापासून १ सेमी वर असेल तर त्याच्या खाली १४४ घनसेमी पाणी असतं, आणि त्याच्या बाजूंना, ४४ चौरस सेमी फटीत, ९ सेमी उंचीपर्यंत ३९६ घनसेमी. एकूण ५४० घनसेमी. ५०० असेल तर घन थोडा आणखी खाली, पण तळापासून सुटाच. तळावरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो, पाणी एकूण किती आहे त्यावर नाही, म्हणून पडताळ्यात भांड्यातलं पाणी कधीच मोजायचं नाही.

हा पडताळा कधी लावायचाच नाही, हेही ध्यानात ठेव. वस्तू दोऱ्याने तळाशी बांधलेली असेल, बोटाने दाबून धरलेली असेल किंवा तळावर टेकलेली असेल, तर वजन आणि प्लावक बल सारखं येणार नाही आणि येऊही नये. तिथे राहिलेला फरक म्हणजे दोऱ्याचा ताण किंवा तळाची प्रतिक्रिया. प्रश्नात "मुक्तपणे तरंगतो" हे शब्द आहेत का, ते आधी बघावं.

शेवटी तुमच्या याच गणितातली एक गोष्ट, जी बलांचा पडताळा सांगू शकत नाही. वजन आणि बल समान आलं की घन वर किंवा खाली जाणार नाही एवढं ठरतं. तो कलणार नाही हे ठरत नाही. नुसत्या पाण्यात ९ सेमी बुडालेला हा घन सरळ उभा राहतो. पण खोल रॉकेलखाली, निम्मा पाण्यात आणि निम्मा रॉकेलमध्ये असताना, तो तसा राहत नाही. घन जरासा कलला की पाण्याकडची कललेली बाजू त्याला सरळ करायला बघते, पण घनतांचा फरक फक्त ०.२ असल्याने ही ओढ कमजोर पडते. शिवाय प्लावक बलाचा मध्य घनाच्या गुरुत्वमध्याच्या २.८ मिलिमीटर खाली असतो, आणि त्याला सावरायला जेवढं हवं त्याच्या दोन तृतीयांशच मिळतं. म्हणून खऱ्या भांड्यात हा घन कलून स्थिरावेल आणि "५ सेमी" ही खोली मोजायला तुला मिळणार नाही. पाण्यातलं आकारमान मात्र ५०० घनसेमीच राहील, कारण वजन आणि बल जुळण्यासाठी तेवढंच लागतं. तुमच्या गणितात "वरचं पृष्ठ आडवं राहतं" असं लिहिलेलं असेल तर ५ सेमी लिही. तसं लिहिलेलं नसेल तर "पाण्यातलं आकारमान ५०० घनसेमी, पृष्ठ आडवं धरल्यास खोली ५ सेमी" असं लिही. रॉकेलचा थर ३ सेमीच असेल तेव्हा घनाचा माथा हवेत असतो, कलताना रॉकेलचा पृष्ठभागही त्याला सावरतो, आणि ६.६ सेमी ही खोली प्रत्यक्षातही मोजता येते. शाळेत करून बघायचं असेल तर हे प्रकरण निवडा.